कागदावरचा शेरा

एकाच मुलीच्या एकाच परीक्षेचे दोन कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. एक जर्मन, एक इंग्रजी. दोन्हीवर त्याच विद्यापीठाचा शिक्का, तीच तारीख, तीच सही. जर्मन कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं २.५, आणि पुढे एक छोटासा शब्द, ‘गुट’. इंग्रजी कागदावर त्याच जागी २.६, आणि पुढे ‘सॅटिस्फॅक्टरी’.

माझी भाची जर्मनीत दोन वर्षं एम.एस्सी. करून मार्चमध्ये बेळगावला आली होती. दोन महिने राहायचं, आईच्या हातचं खायचं आणि त्याच वेळात पीएच.डी.साठी अर्ज भरायचे, असा तिचा बेत. आई तिची शाळेत शिकवते, म्हणून दुपारभर ही माझ्याकडेच. अर्ज भरता भरता एकदम गप्प झाली. मी भाजी निवडत होते. म्हटलं, “काय गं, काय झालं?” तर हे दोन कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, “मावशी, बघ की. मी नेमकी कोण आहे, गुट का सॅटिस्फॅक्टरी?”

मी आर्ट्‌सची बाई. मला पहिल्यांदा वाटलं, पॉइंट एकचा तर फरक, त्यात काय एवढं! आणि आकडा इंग्रजी कागदावरच जास्त आहे, मग वाईट काय? तेव्हा तिने मला बसवून समजावलं. जर्मनीतल्या विद्यापीठांत मार्कांची गाडी उलटी धावते. सगळ्यात उत्तम म्हणजे १.०, आणि पास व्हायला ४.० च्या खाली घसरायचं नाही. आकडा जितका लहान तितकी विद्यार्थिनी हुशार. या आकड्यांचे चार गट आहेत, आपल्याकडे फर्स्ट क्लास, सेकंड क्लास म्हणतो तसे. १.५ पर्यंत ‘फार चांगले’, तिथून २.५ पर्यंत ‘चांगले’, म्हणजेच गुट, मग ३.५ पर्यंत ‘समाधानकारक’ आणि ४.० पर्यंत ‘पुरेसे’.

म्हणजे माझ्या भाचीचे दोन कागद नेमके उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे उभे होते. जर्मन कागद सांगत होता, ही चांगल्यांतली शेवटची. इंग्रजी कागद सांगत होता, ही समाधानकारकांतली पहिली. आपल्या प्रगतिपुस्तकात ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा कुणाला मिळायचा, ते आपल्याला ठाऊकच आहे. तिकडेही त्या शब्दाचा वास तसाच. आणि तिला जिथे पीएच.डी.ला जायचं होतं, त्या दुसऱ्या विद्यापीठाची अट होती की मास्टर्सला किमान ‘गुट’ हवं. त्यांच्याकडे बऱ्याच ठिकाणी ही अट असते. अर्जाला मूळ कागद आणि त्याचं इंग्रजी, दोन्ही जोडायचे. शेवटची तारीख ३० एप्रिल.

संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी आपापला सल्ला दिला. दिवेलागणीच्या आत जेवणं आटोपली, की आमच्याकडे संध्याकाळ मोठी असते आणि सल्ल्यांना भरपूर वेळ असतो. हे म्हणाले, “जर्मन तेवढा पाठव, इंग्रजी राहू दे. विचारलं तर बघू.” पण अर्जात इंग्रजीची जागा रिकामी ठेवली तर तो पुढेच सरकत नव्हता. माझा मुलगा म्हणाला, बाहेरच्या शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन कागदाचं नवं इंग्रजी करून घे, पैसे टाकले की चार दिवसांत मिळतं. तेही वावगं नव्हतं, तिकडे तशी रीतसर सोय आहे. पण मग जगात तिचे दोन इंग्रजी कागद फिरत राहिले असते, एक खुद्द विद्यापीठाचा आणि एक बाहेरचा, आणि दोघांची साक्ष वेगळी. उद्या नोकरीच्या वेळी कुणी विद्यापीठाचा कागद मागितला, की पुन्हा सॅटिस्फॅक्टरी हजर. चुकीचा कागद जिथून निघाला तिथेच तो दुरुस्त व्हायला हवा होता.

भाची मात्र वेगळ्याच गोष्टीला घाबरली होती. रात्री माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मावशी, मी पत्र लिहिलं आणि त्यांनी फेरतपासणी करून जर्मन कागदच २.६ केला तर?”

ही भीती खरी होती. दोनपैकी एक कागद खोटा, एवढंच आपल्याला दिसत होतं. कोणता, ते अजून कुणी पडताळलं नव्हतं. आपल्याला सोयीचा तो खरा, असं धरून पत्र लिहिणं म्हणजे डोळे मिटून दूध पिणं. मी म्हटलं, “आधी आपण हिशोब करू. तुझे सगळे मार्क काढ.”

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही हिशोब मांडला. दोन वर्षांचे मिळून १२० क्रेडिट. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. तिचे पंधरा विषय, प्रत्येकाला ६ क्रेडिट, म्हणजे ९०. शेवटचा प्रबंध एकट्याचा ३०. विषयाची श्रेणी त्याच्या वजनाने गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि १२० ने भागायचं. वाण्याचा हिशोब, दुसरं काही नाही. सहा विषयांत २.३, सहा विषयांत २.७, दोन विषयांत ३.० आणि एकात २.०. या पंधरांची बेरीज झाली ३८, त्याला सहाने गुणून २२८. प्रबंधाला २.७, तीसने गुणून ८१. एकूण ३०९. भागिले १२०. उत्तर आलं २.५७५.

आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो. शाळेत शिकलो त्याप्रमाणे एकाच दशांश स्थळापर्यंत लिहायचं तर पुढचा आकडा पाचाहून मोठा, म्हणजे वर चढवायचं, २.६. भाचीचा चेहरा उतरला. इंग्रजी कागदच बरोबर निघतोय, असं तिला वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण नियम वाचल्याशिवाय हार मानायची नाही, हे मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगांमधून शिकले आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाची तिकडे एक परीक्षा-नियमावली असते, आणि ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. तिने उघडली. सतरा-अठरा पानं जर्मनमध्ये. एकूण श्रेणी कशी काढायची, त्या कलमात एक वाक्य होतं, ते तिने मला मराठीत करून सांगितलं. दशांशचिन्हानंतरचा फक्त पहिला आकडा धरायचा, पुढचे सगळे आकडे पूर्णांक न करता सोडून द्यायचे. तिकडच्या बऱ्याच नियमावल्यांत हे वाक्य असतं म्हणे. म्हणजे २.५७५ मधले ७ आणि ५ कापून टाकायचे. राहिले २.५. गुट.

मला त्या वाक्याची गंमत वाटली. आपल्याकडे आकडा वर चढतो, म्हणून शेपूट कापलं की नुकसान विद्यार्थ्याचं. तिकडे आकडा खाली उतरतो, म्हणून तेच शेपूट कापलं की फायदा विद्यार्थ्याचा. शंका असेल तिथे मुलाच्या बाजूने झुकायचं, असं जणू त्या नियमातच लिहून ठेवलंय.

आता चित्र साफ झालं. जर्मन कागद नियमाप्रमाणे होता. इंग्रजी कागद बनवताना कुणीतरी, किंवा एखाद्या संगणकाने, आकडा वर चढवला होता आणि चढलेला आकडा पाहून पुढचा शब्द निवडला होता. भाषांतर करणाऱ्याने शब्दाकडे पाहिलंच नव्हतं. ‘गुट’ला इंग्रजीत ‘गुड’ म्हणतात, हे तर पहिलीतलं पोर सांगेल.

तिसरी साक्षही सापडली. तिकडे पदवीबरोबर डिप्लोमा सप्लिमेंट नावाचा आणखी एक कागद देतात. पदवी कसली, किती वर्षांची, मार्कांची पद्धत कशी, हे परदेशातल्या माणसाला कळावं म्हणून तो इंग्रजीत असतो. त्याची कलमं युरोपभर एकाच क्रमाने ठरलेली आहेत. ४.४ मध्ये मार्कांची पद्धत सांगतात, आणि ४.५ मध्ये एकूण श्रेणी, तीही मूळ भाषेतल्या शब्दात लिहायची. मूळ शब्द भाषांतरात हरवू नये, म्हणूनच ती सोय केली असावी. भाचीच्या सप्लिमेंटमध्ये ४.५ समोर स्पष्ट होतं, ‘गुट’. मी तिला म्हटलं, “बघ, ज्यांनी हा रकाना आखला, त्यांनी तुझ्यासारख्या मुली आधीच पाहिल्या असतील.”

मग पत्राची पाळी आली. तिने रात्रीच एक मसुदा करून ठेवला होता. मी वाचला आणि चष्मा काढून ठेवला. दीड पान भरून काकुळती होती. माझं भवितव्य आपल्या हाती आहे, मी परदेशी विद्यार्थिनी आहे, दोन वर्षं कष्ट केले, कृपया माझी श्रेणी वाढवून द्यावी. आणि वर विषय लिहिला होता, ‘निकालाविरुद्ध हरकत’.

मी म्हटलं, “बाळ, आपण श्रेणी वाढवून मागतोय का?”

“मग काय मागतोय?”

“आपल्याकडे जी आहे, ती नीट लिहून मागतोय.”

या पत्रात सगळं याच फरकावर अवलंबून होतं. निकालावर हरकत घेणं म्हणजे परीक्षकाने दिलेले मार्क मला मान्य नाहीत, असं सांगणं. त्याला मुदत असते. तिकडे निकाल रीतसर हातात पडल्यापासून बहुधा महिन्याच्या आत हरकत द्यावी लागते, आणि हिला कागद मिळून महिना उलटला होता. हरकत म्हणून पत्र गेलं असतं तर ‘मुदत संपली’ या दोन शब्दांत परत आलं असतं. पण लेखनातली किंवा गणितातली उघड चूक ही वेगळी बाब. जर्मनीच्या प्रशासकीय कायद्यात तिला वेगळं कलमच आहे. अशी चूक कार्यालय केव्हाही दुरुस्त करू शकतं, आणि ती दुरुस्त होण्यात आपलं न्याय्य हित असेल तर त्यांना ती करावीच लागते. फक्त चुकीचा मूळ कागद परत मागण्याचा हक्क त्यांना असतो. भाचीने हे तिथल्या विद्यार्थी-संघटनेच्या सल्ला केंद्राला मेल करून विचारून घेतलं. उत्तरात त्यांनी एवढंच बजावलं, की पत्रात ‘हरकत’ हा शब्द नको, ‘दुरुस्ती’ हा हवा. पत्रही प्राध्यापकांना नाही, परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षाला नाही, थेट परीक्षा कार्यालयाला पाठवायचं, कारण कागद तिथेच बनतो.

दुसरा मसुदा तिने लिहिला, मी फक्त काट मारत गेले. जर्मनमध्ये गेलेलं ते पत्र तिने मला मराठीत वाचून दाखवलं, ते साधारण असं होतं:

“विषय: इंग्रजी ट्रान्सक्रिप्टमधील एकूण श्रेणीची दुरुस्ती. विद्यार्थी क्रमांक अमुक.

माननीय महोदया/महोदय, मला आपल्याकडून एम.एस्सी. पदवीचे जर्मन गुणपत्र आणि इंग्रजी ट्रान्सक्रिप्ट एकाच तारखेचे मिळाले. गुणपत्रात माझी एकूण श्रेणी २.५, ‘गुट’ अशी आहे. ट्रान्सक्रिप्टच्या दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत ती २.६, ‘सॅटिस्फॅक्टरी’ अशी छापली आहे. डिप्लोमा सप्लिमेंटच्या कलम ४.५ मध्ये ‘गुट’ आहे.

सर्व विषयांच्या श्रेणी दोन्ही कागदांवर सारख्याच आहेत. क्रेडिटनुसार सरासरी २.५७५ येते. हिशोब सोबत जोडला आहे. परीक्षा-नियमावलीनुसार पहिल्या दशांशानंतरचे आकडे पूर्णांक न करता सोडायचे असल्याने २.५ हीच श्रेणी योग्य ठरते. कोणत्याही विषयाच्या मूल्यमापनाबद्दल माझी तक्रार नाही.

तरी विनंती की ट्रान्सक्रिप्टमधील आकडा आणि शब्द दोन्ही दुरुस्त करून नवी प्रत द्यावी. ३० एप्रिलपर्यंत मला ती एका अर्जासोबत सादर करायची आहे. तोपर्यंत नवी प्रत शक्य नसल्यास, जर्मन गुणपत्रातील श्रेणी ग्राह्य आहे आणि ट्रान्सक्रिप्टची दुरुस्ती चालू आहे, असे दोन ओळींचे पत्र द्यावे. चुकीची मूळ प्रत परत हवी असल्यास कळवावे.”

एवढंच. तीन कागदांच्या प्रती आणि हिशोबाचं एक पान जोडलं. भवितव्य नाही, कष्ट नाहीत, परदेशीपणा नाही. भाचीला ते फार कोरडं वाटलं. म्हणाली, “मावशी, ह्यात मी कुठे आहे?” मी म्हटलं, “तू त्या हिशोबात आहेस.” टेबलामागच्या माणसाला आपली गोष्ट नको असते. कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, काय आहे आणि काय हवं, हे दिसलं की तो उठून फाइल काढतो. आणि ‘मूल्यमापनाबद्दल तक्रार नाही’ हे एक वाक्य तर मी हट्टाने ठेवायला लावलं. तिच्या त्या रात्रीच्या भीतीला तेच उत्तर होतं. आपण मार्कांचं कुलूप उघडायला सांगतच नाही, फक्त दारावरची पाटी बदला म्हणतोय.

आमच्या गावात लहानपणापासून हे अंगवळणी पडलेलं असतं. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, कोर्टात इंग्रजी. एका भाषेतून दुसरीत जाताना नावातला काना गळतो, आडनाव बदलतं, जन्मसाल सरकतं. कागद ज्याच्या हातात पडतो तो मूळ बघत नाही, समोरचं बघतो. म्हणून शाळेतून दाखला आणला की माझे सासरे सगळ्यांत आधी दोन्ही भाषांतल्या ओळी बोट ठेवून ताडून बघायचे. भाचीने तिकडे पदवीचा समारंभ झाल्यावर कागद फोल्डरमध्ये ठेवले ते थेट इथे येऊन उघडले. त्याच दिवशी शेवटची ओळ ताडली असती तर महिना वाचला असता.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. चूक मान्य होती. जर्मन गुणपत्राच्या नमुन्यात आकडे कापायचा नियम घातलेला होता, इंग्रजी नमुन्यात तो घालायचा राहिला होता. तिथे आकडा आपोआप वर चढत होता आणि चढलेल्या आकड्यावरून शब्द बसत होता. मूळ प्रत त्यांनी परत मागवली. तिची झेरॉक्स काढून आम्ही ती कुरिअरने पाठवली. दुरुस्त प्रतीचं स्कॅन २२ एप्रिलला मेलवर आलं. त्यावर तारीख नवी होती, म्हणून तिने अर्जासोबत एक ओळ लिहिली, की ही दुरुस्त प्रत असून गुणपत्राची मूळ तारीख तीच आहे. पुढे मुलाखतीचं बोलावणं आलं. निवडीचं अजून कळायचं आहे, पण ते आता तिच्या कामावर ठरेल.

ती गेल्यावर मी माझी पत्र्याची पेटी काढली. माझ्या बी.ए.च्या मार्ककार्डावर ५९.८३ टक्के आहेत. सेकंड क्लास. साठाला फर्स्ट क्लास होता. तेव्हा सगळ्यांनी हळहळून सांगितलं, अर्ज कर, दोन-चार मार्कं देतील. मी केला नाही आणि इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्यात धीर नव्हता. आता बोट ठेवून ओळन्‌ओळ ताडली. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, शब्द बरोबर. मला दुरुस्ती मागण्यासारखं त्यात काही नव्हतंच, फक्त दया मागता आली असती. कागद घडी घालून परत ठेवला, तेव्हा हात हलका वाटला.

कार्यालयाच्या त्या उत्तरात शेवटी एक ओळ होती, जी भाचीने मला दोनदा वाचून दाखवली. त्याच नमुन्यातून निघालेली इतर ट्रान्सक्रिप्टही आम्ही तपासत आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं. मधल्या आकड्यांच्या मुलांना काही फरक पडला नसेल, २.१ चं २.२ झालं तरी शब्द गुटचाच राहतो. पण तिच्यासारखी उंबरठ्यावरची कुणी असेलच. तो कागद दाखवून कुठे नकार घेऊन आली असेल आणि आपणच समाधानकारक आहोत, असं धरून बसली असेल.

“तिला कुणी कळवलं असेल का गं मावशी?” भाचीने विमानतळावरून फोन करून विचारलं. मी म्हटलं, “पोचलीस की त्यांना तेवढं एक पत्र लिही.”